केकवरचा चार आणि पावसाळ्यातलं चिखलदरा

मी नागपुरातल्या एका महाविद्यालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे घरच्या व्हिडिओंचं काम आपोआप माझ्याकडे आलं. "आयुष्यभर पुस्तकांना नंबर घालत आलीस, आता आम्हालाही घाल," असं म्हणून मोठ्या भावानं एक पेनड्राइव्ह हातात ठेवला. महालातल्या जुन्या घराच्या माळ्यावरच्या कॅसेट कुणीतरी एका दुकानात देऊन डिजिटल करून आणल्या होत्या. त्याशिवाय पुतण्याच्या हॅंडीकॅममधलं सगळं होतं, आणि घरातल्या प्रत्येकाच्या फोनमधून उपसलेलं वेगळंच. उघडून पाहिलं तर यादी अशी:

```
1.mp4
2.mp4
2 new.mp4
M2U00147.MPG
VID-20190513-WA0003.mp4
VID_20181207_000410.mp4
```

ग्रंथालयात पुस्तकाला निदान मुखपृष्ठ असतं. इथं `2.mp4` म्हणजे तीन तासांची एक अख्खी कॅसेट, आणि तिच्यात काय आहे ते बघितल्याशिवाय कळायचं नाही.

नावं द्यायला बसण्याआधी मी कुटुंबाच्या गटावर एक प्रश्न टाकला: उद्या तुम्हाला एखादा जुना व्हिडिओ हवा झाला, तर माझ्याकडे काय म्हणून मागाल? उत्तरं भराभर आली. "बंटीनं केकमध्ये हात घातला तो." "बाबा पेटी वाजवतात तो." "चिखलदऱ्याला गाडी बंद पडली तो." "माझ्या मुंजीतला नाही, दुसऱ्या कोणाच्या तरी मुंजीतला, ज्यात मी रडतो." (बंटी हे नाव इथं बदललेलं आहे, बाकीच्यांना मी नात्यानंच ओळखीन.) एकानंही साल सांगितलं नाही. साल सांगणारा माणूस फक्त कॅमेरा धरणारा असतो, आणि आमच्याकडे कॅमेरा धरणारे काका आता नाहीत.

यातूनच कामाची विभागणी ठरली. फाइलच्या नावात तारीख, कोण, काय, कुठे एवढंच ठेवायचं, म्हणजे यादी क्रमानं लागते. माणसं ज्यावरून मागतात, म्हणजे केकमधला हात, पेटी, बंद पडलेली गाडी, ते सगळं वर्णनात जायचं. तारीख `1997-08-15` अशी, वर्ष आधी. नागपुरी सवयीनं 15-8-97 लिहिलं की संगणक सगळ्या वर्षांच्या पंधरा तारखा एकत्र आणून बसवतो. आणि तिरप्या रेघा टाकून लिहायला गेलं तर विंडोज तसं नाव घेतच नाही.

आता त्या `2.mp4` कडे येते, कारण बाकी सगळं काम मी त्या एका कॅसेटवर शिकले.

कॅसेटच्या लेबलावर काकांच्या अक्षरात "बड्डे + चिखलदरा" एवढंच होतं. सुरुवातीला वाढदिवस. चित्राच्या कोपऱ्यात कॅमेऱ्यानं तारीख छापली होती: १ जानेवारी १९९३, रात्री पावणेएक. खिडकीतून लख्ख ऊन येतंय आणि म्हणे रात्री पावणेएक! अशी तारीख दिसली की समजायचं, घड्याळाचा सेल संपला होता आणि कॅमेरा पुन्हा आपल्या पहिल्या दिवसापासून मोजायला लागला होता. एक जानेवारी आणि मध्यरात्रीच्या आसपासची वेळ हे जोडीनं आले, तर ती तारीख सोडून द्यावी. वर्षही पुराव्यात धरू नये.

मग केकवरची मेणबत्ती. आकडा चार. बंटीचा जन्म ७ डिसेंबर १९९०, म्हणजे चार पूर्ण झाले ते ७ डिसेंबर १९९४ ला. पण आपल्याकडे "चौथा वाढदिवस" आणि "चौथं लागलं" यांची सरमिसळ नेहमीची. दुकानातून आकड्याची मेणबत्ती आणणाऱ्यानं पूर्ण झालेली वर्षं मोजली की चालू वर्ष, हे मेणबत्ती सांगत नाही. शिवाय आमच्या आजीच्या हट्टामुळे घरात काही वाढदिवस तिथीनं झालेत, आणि तिथी तारखेपासून दोनतीन आठवडेही इकडेतिकडे होऊ शकते. म्हणून एका पुराव्यावर मी नाव देत नाही, दुसरा शोधते.

दुसरा पुरावा काकूनं दिला. मी लॅपटॉपला डोळे लावून बसले होते, ती मागून म्हणाली, "काय पाहून राहिली एवढं? तो कूलर पाहा न." खिडकीत कूलर होता, पण त्याला गोणपाट बांधलेलं होतं. नागपूरच्या घरात कूलर हेच ऋतूचं घड्याळ. मार्चअखेर वाळ्याच्या नव्या ताट्या लागतात, पाऊस स्थिरावला की तो बंद होतो, आणि हिवाळ्यात एकतर उतरवतात नाहीतर असा झाकून ठेवतात. पोरांच्या अंगात स्वेटर होते, तेव्हा डिसेंबर जुळला. राहिलं वर्ष. बंटीची धाकटी बहीण मांडीवर होती, बसवली की एका बाजूला कलंडत होती. तिचा जन्म जून १९९४ चा. वर्षभर आधी ती जन्मलीच नव्हती, वर्षभर नंतर ती घरभर पळत असती. एवढ्यावर मी महिना आणि वर्ष पक्कं धरलं. दिवस सातच का, तर आजी केक कापण्याआधी ओवाळताना स्पष्ट म्हणते, "तारखेनं करून राहिले बापा यावेळी, तिथी गेली." हे वाक्य ऐकू येतं पंधराव्या मिनिटाला. आवाज बंद करून, पुढे पळवत व्हिडिओ बघणाऱ्याला ते कधीच सापडलं नसतं.

कॅसेटचा दुसरा भाग चिखलदरा. वाढदिवसाच्या लगेच पुढे आहे म्हणून १९९५ चा, असं दोघातिघांनी छातीठोक सांगितलं. पण कॅसेटवरचा क्रम हा काळाचा क्रम नसतो. तीन तासांच्या कॅसेटमध्ये वाढदिवसाला चाळीस मिनिटं लागली, उरलेली जागा काकांनी जेव्हा मिळेल तेव्हा वापरली. कधी मागे गुंडाळून आधीच्यावरच नवं चित्रण व्हायचं. तसं झालेलं ओळखू येतं: चित्र अर्ध्या वाक्यात तुटतं, दोनतीन सेकंद मुंग्या येतात, आणि पुढचं दृश्य भलत्याच ऋतूतलं निघतं.

इथं भीमकुंडाचा धबधबा जोरात पडत होता, धुकं होतं, म्हणजे पावसाळा. बंटीचे पुढचे वरचे दात पडलेले. ते साधारण सहा ते आठ या वयात पडतात, तेव्हा १९९७ ते १९९९ यांपैकी एक पावसाळा. पांढरी मारुती दिसते, ती १९९६ च्या दिवाळीला घेतलेली, कागद अजून भावाच्या फायलीत आहे. आणि धाकटी आत्या धबधब्यापाशी कणीस खात उभी आहे, गळ्यात मंगळसूत्र नाही. तिचं लग्न मे १९९८ मध्ये झालं, पत्रिका माझ्याकडे आहे. दातांनी खालची मर्यादा दिली, लग्नानं वरची, आणि मध्ये एकच पावसाळा उरला. तारीख आणि महिना मात्र कुठूनही निघाला नाही. मी नाव दिलं:

`1997-XX-XX चिखलदरा सहल, भीमकुंड`

हे X मी मनानं घातलेले नाहीत. अनिश्चित तारखा कशा लिहाव्यात याची एक पद्धत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं घडवली आणि २०१९ साली ती आयएसओ ८६०१ या तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या दुसऱ्या भागात गेली. जो अंक माहीत नाही त्याजागी X, अंदाजे असेल तर शेवटी ~, शंका असेल तर प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हही विंडोज फाइलच्या नावात घेत नाही, तेव्हा शंका मी वर्णनात लिहिते, आणि सोबत कशावरून ठरवलं तेही एका ओळीत: "दात, मारुती, आत्याचं लग्न." ही ओळ सगळ्यात उपयोगी पडते. उद्या कुणी येऊन म्हणालं की मारुती आधीच आली होती, तर नेमकी कोणती कडी तुटली ते कळतं.

जुन्या कॅसेटपेक्षा फोनचे व्हिडिओ सोपे असतील असं सगळ्यांना वाटतं. तसं ते नाही. त्याच बंटीच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवसाचं बघा. हल्लीच्या रिवाजानं रात्री बाराला केक. फाइलचं नाव `VID_20181207_000410.mp4`, म्हणजे ७ डिसेंबर, बारा वाजून चार मिनिटं. पण फाइलच्या पोटातली तारीख विचारली तर ती ६ डिसेंबर सांगते:

```
ffprobe -v error -show_entries format_tags=creation_time -of default=nw=1 VID_20181207_000410.mp4
TAG:creation_time=2018-12-06T18:35:52.000000Z
```

शेवटचा Z म्हणजे ही वेळ ग्रिनिचची. आपलं घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास. साडेपाच तास मिळवा, बारा वाजून पाच मिनिटं आणि वर काही सेकंद येतात. नावात चित्रण सुरू झाल्याची वेळ असते आणि पोटात अनेक फोन ते संपल्याची लिहितात, म्हणून सुमारे पावणेदोन मिनिटांचा फरक. दिवसाच्या चित्रणात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या मधलं प्रत्येक चित्रण आतल्या तारखेनुसार आदल्या दिवशी जाऊन बसतं, आणि आमच्याकडचे निम्मे नवे वाढदिवस नेमके त्याच वेळातले. एखाद्या सॉफ्टवेअरकडून सगळ्या फाइलींना आपोआप नावं द्यायची असतील, तर बाराच्या केकवर ते तपासून घ्यावं.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलीत तर आतली तारीख टिकेलच असा भरवसा नाही. `VID-20190513-WA0003` यातला १३ मे हा व्हिडिओ आला तो दिवस आहे, काढला तो नव्हे. मामीनं दहा वर्षांपूर्वीचं पेंचचं चित्रण त्या मे महिन्यात पाठवलं, की ते २०१९ चं म्हणून मिरवायला मोकळं. नावात WA दिसलं की मी तारखेच्या जागी X घालूनच सुरुवात करते आणि पाठवणाऱ्याला मूळ फाइल मागते. ती चित्रालाही चांगली असते, व्हॉट्सॲपनं आवळलेली नसते.

तारखा झाल्या, मग आली माणसं, आणि इथं खरी गंमत आहे. "मामांचं लग्न" हे नाव आमच्या घरात चार व्हिडिओंना देता येईल. मला जो भाऊ तो भाच्याला मामा, पुतणीला काका आणि नव्या सुनेला सासरे. काढणाऱ्याच्या तोंडचं नातं शीर्षकात गेलं की ते त्याच्याच पिढीपुरतं चालतं. शिवाय बायकांची नावं. आमच्या दोन काकूंची लग्नात आडनावाबरोबर नावंही बदलली. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितात तो प्रसंग एका कॅसेटमध्ये अगदी जवळून आहे. त्या मिनिटाच्या आधीच्या सगळ्या चित्रणात लोक तिला एका नावानं हाक मारतात आणि नंतरच्या चित्रणात दुसऱ्या. माहेरची मंडळी जुन्या नावानं शोधणार, नातवंडांना ते माहीतसुद्धा नाही.

ग्रंथालयात एकाच लेखकाचं खरं नाव आणि टोपणनाव एका ठिकाणी जोडून ठेवतात, तोच उपाय मी इथं केला. एका तक्त्यात दर माणसाला एक ओळ: घरचं नाव, कागदावरचं नाव, माहेरचं नाव, जन्माचं वर्ष, आणि रोमन लिपीतलं रूप, कारण पुण्याची आणि परदेशातली मुलं रोमनमध्येच टाइप करतात. शीर्षकात यातलं एकच रूप वापरायचं, नेहमी तेच. बाकीची रूपं वर्णनाच्या शेवटी एका ओळीत.

शोधण्याचा आणखी एक घोळ मराठीतल्या मराठीतच आहे. "नागपुरात पहिला पोळा" असं गोड शीर्षक दिलं आणि "नागपूर" असं शोधलं, तर साधा शोध ते दाखवत नाही. ऊकार बदलला, अक्षरं जुळली नाहीत. "चिखलदऱ्याची सहल" लिहिलं तर "चिखलदरा" शोधणाऱ्याला ती मिळत नाही. त्यात "ऱ्या" दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ वापरतात, काही साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला वेगळे. म्हणून शीर्षकात वाक्य करायचंच नाही. "नागपूर, तान्हा पोळा", "चिखलदरा, सहल": शब्द मूळ रूपात, विभक्ती न लावता. वाचायला रुक्ष वाटतं खरं. छान वाक्यं वर्णनात लिहावीत. आकडेही शीर्षकात इंग्रजी, कारण 1997 शोधलं की १९९७ सापडेलच असं नाही.

शीर्षक आखूड ठेवायला एक यांत्रिक कारणही आहे. भावानं घरच्या जाळ्यावर एक साठवण पेटी बसवली आहे, ती आतून लिनक्सवर चालते. तिथं फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा, आणि देवनागरीचा प्रत्येक वर्ण किंवा मात्रा तीन बाइट खाते. नुसता "वाढदिवस" एकवीस बाइटचा. म्हणजे जेमतेम पंच्याऐंशी वर्ण-मात्रांत नाव संपवायचं. विंडोजवर सुखानं बसलेली लांबलचक नावं त्या पेटीवर नक्कल करताना अडतात, ती यामुळे.

वर्णन मी फाइलच्याच नावाच्या एका साध्या मजकूर फाइलीत ठेवते, व्हिडिओच्या शेजारी. चिखलदरा-बड्डे कॅसेटचं वर्णन असं सुरू होतं:

```
00:00:00 वाढदिवस सुरू, महाल, मधली खोली
00:15:10 आजी ओवाळते, तिथी-तारखेचं बोलते
00:17:45 केक कापतो, दोन्ही हात केकमध्ये
00:31:00 आजोबा पेटी वाजवतात (आवाज चांगला)
00:40:20 तुटलं. पुढे 1997 पावसाळा
01:12:00 घाटात गाडी बंद, सगळे ढकलतात
```

तीन तासांची मूळ फाइल मी कापत नाही. नातेवाइकांसाठी तुकडे वेगळे काढते आणि त्या तुकड्यांच्या वर्णनात मूळ फाइल आणि मिनिटं लिहिते. तुकडे यूट्यूबवर खाजगी ठेवले आहेत, पण वर्णन तिथं राहिलं तरी मूळ प्रत माझ्याकडेच. खातं बंद पडलं तर वर्णन त्याच्याबरोबर जायला नको. आणखी एक बंधन मी पाळते. संपूर्ण जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनाव असलेला तक्ता कुठल्याही ऑनलाइन वर्णनात चिकटवत नाही. बँकेत खात्याची ओळख पटवायला हेच प्रश्न विचारतात.

एका प्रश्नावर घरात वाद झाला. एका चुलतभावाचा घटस्फोट झाला आहे. पहिली बायको कितीतरी वाढदिवसांत आहे, एका व्हिडिओत तर सगळा स्वयंपाक तीच करतेय. "तिचं नाव काढून टाक," असं दोघांनी सांगितलं. मी शीर्षकातून काढलं, कारण ते प्रसंग तिचे नव्हतेच. वर्णनातल्या माणसांच्या यादीत मात्र ठेवलं. तिची मुलगी आमच्याच घरात वाढतेय आणि उद्या तिला आईचे व्हिडिओ शोधावेसे वाटले तर ते नावानं मिळाले पाहिजेत. या बाबतीत मी कुणाचं ऐकलं नाही, आणि ऐकणारही नाही.

ज्यांच्या माळ्यावर अजून कॅसेट आहेत त्यांना एक सांगते. दुकानात देण्याआधी प्रत्येक कॅसेटचं लेबल, तिची कड आणि वेष्टन यांचा मोबाइलवर फोटो काढा, कॅसेटवर मार्करनं एक क्रमांक टाका, आणि फाइलीला तोच क्रमांक द्या असं दुकानदाराला लिहून द्या. आमच्या पेनड्राइव्हवर `2.mp4` आणि `2 new.mp4` दोन्ही आहेत. त्यातल्या दुसऱ्याची कॅसेट कोणती, ते अजून ठरलेलं नाही.